नाव आधी, हरभरा नंतर

माझ्या वहीत त्या वर्षी एक पान होतं, "पाकीट छापण्याआधीची कामं" असं वर लिहिलेलं. त्यात अकरा कामं होती. पत्ता, वजन, परवाना क्रमांक, किती महिने टिकेल ते, बारकोड, असं सगळं. आठवं काम भाचीनं फोनवर सांगितलं म्हणून मागाहून घुसडलेलं होतं: "नाव दुसऱ्या भाषांत तपासणे." अकरापैकी हे सगळ्यात सोपं वाटलं होतं. परवान्यासाठी परभणीला चार चकरा झाल्या होत्या. नाव तपासायला काय, चार बायकांना विचारायचं नि खूण करायची.

आमचा गट वालूरचा. पंचवीसेक बायका. मी पूर्वी पतसंस्थेत क्लार्क होते, म्हणून सचिवाचं काम आपोआप माझ्याकडे आलं. अध्यक्ष होत्या आमच्या अक्का. गाव त्यांना अक्काच म्हणतं. पाच एकर रान, दोन म्हशी आणि आवाज असा, की बोलावलं की तिसऱ्या गल्लीतली बाई पदर सावरत बाहेर यावी. सहा वर्षं आम्ही सेलूच्या एका व्यापाऱ्यासाठी डाळ निवडून पाकिटं भरत होतो. पाकिटावर त्याच्या दुकानाचं नाव आणि त्याच्या नातीचा फोटो. पोरगी गोड होती, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण अक्का दर पाकीट सील करताना म्हणायच्या, "खडे आमी निवडायचे, अन् हसायचं हिनं."

मग गटानं भाजणीचं यंत्र घेतलं आणि हिरवा हरभरा मीठ-मिरची लावून खारवून भाजायला सुरुवात केली. चव हुळ्याची. हुळा म्हणजे हरभऱ्याचे ओले डहाळे घाट्यांसकट जाळावर टाकून भाजतात तो; रानात बसून खायचा, हातातोंडाला काजळी लागेपर्यंत. यंत्रातल्या हरभऱ्याला काजळी नव्हती, पण वास तोच होता. पहिला घाणा निघाला तेव्हा अक्कांनी चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "ह्याचं नाव हुळा." संपलं. ग्रामसभेतही त्यांनी उभं राहून सांगून टाकलं: हुळा नावानं आमचा माल परमुलखात जाणार, आमच्या नावानं.

परमुलूख म्हणजे गुलबर्गा. तिथल्या एका ठोक व्यापाऱ्यानं नमुना चाखून माल घ्यायचं कबूल केलं होतं. तो पुढं कर्नाटकातल्या गावोगावच्या दुकानांना आणि थोडा तेलंगणाच्या हद्दीतही पुरवणार होता. अट एकच, पाकीट नीट छापलेलं हवं. अशा पाकिटाच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी एक लोखंडी रूळ कोरून घ्यावा लागतो. एकदा रूळ कोरला की त्यावरचं अक्षर हलत नाही. नाव बदलायचं तर रूळ नवे. एवढं झेपणारं नव्हतं, हे गटात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे नाव चुकलं तर पुन्हा सेलूच्या व्यापाऱ्याची नात.

माझी भाची पुण्यात अशा एका कचेरीत काम करते, जिथं मोठ्या कंपन्या नवी नावं तपासायला पाठवतात. साबण असो की औषध की गाडी. बाजारात आणण्याआधी ते नाव ज्या ज्या मुलखात विकायचं तिथल्या भाषांत विचित्र ऐकू येत नाही ना, शिवी होत नाही ना, हे तिथल्या माणसांना विचारून बघतात. मला ऐकून गंमत वाटली होती. अशीही नोकरी असते! तिनं नोंदणीचं वेगळं सांगितलं: नाव आधी कुणी घेतलंय का हे सरकारी यादीत शोधायचं, ते निराळं काम. ते मी केलं होतं. हे मात्र माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणाली.

तशी एक चाचणी आम्ही न ठरवताच केलेली होती. हुळ्याच्या आधी कुणीतरी "घाटे" सुचवलं होतं. घाटा म्हणजे हरभऱ्याची शेंग, सुंदर नाव. पण हिंदीत घाटा म्हणजे नुकसान. अक्का म्हणाल्या, "दुकानदार म्हणंल, घाटे का माल हाय, ठेव बाजूला." आम्ही सगळ्या हसलो आणि घाटे खोडलं. तेवढ्यावर माझा समज झाला, की ही परीक्षा आपल्याला जमते.

संक्रांत जवळ आली होती. माझी चुलत बहीण पूर्णा जंक्शनच्या रेल्वे वसाहतीत राहते. तिच्या शेजारी तेलुगू बायका पुष्कळ, कानडीही दोन-तीन. मी वहीत आखणी केली. बहिणीकडे हळदीकुंकू, वाण म्हणून आमचं पाकीट, आणि जाता जाता नावाची चौकशी. अक्का म्हणाल्या, "क्लार्कबाई, तुमी वाणाचा बी हिशोब लावायल्या." पण आल्या माझ्याबरोबर.

बायका आल्या. बहिणीनं हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, मी प्रत्येकीच्या हातात नावाची चिठ्ठी लावलेलं पाकीट ठेवलं. आणि मग, मला आजही आठवतं, मी उभं राहून सांगितलं: "हुळा म्हणजे आमच्याकडे भाजलेला ओला हरभरा. आमच्या गटाचा माल आहे. तुमच्या भाषेत ह्या नावाचा काही वाईट अर्थ होत नाही ना?" सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, छान आहे. दुसरी म्हणाली, छोटं नाव आहे, लक्षात राहतं. रायचूरकडची एक कानडी बाई, वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन पूर्ण्याला आलेली, मराठी आमच्यासारखीच बोलणारी; ती म्हणाली, "नाही नाही, चांगलं आहे की ओ." मी वहीत नऊ बायकांच्या नावांपुढं नऊ बरोबरच्या खुणा केल्या. परतीच्या गाडीत आठव्या कामावरही खूण केली.

तक्त्याचा फोटो भाचीला पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला.

"मावशी, त्या बायका किती वर्षं तिथं राहतात?"

"वीस, पंचवीस. कुणी जन्मापासून."

"त्यांनी हुळा आधी खाल्लेला आहे?"

"पूर्ण्यात राहून हुळा न खाल्लेला माणूस दाखव."

"आणि नाव विचारायच्या आधी तू माल सांगितलास?"

"मग काय, न सांगता विचारू? वेडी म्हणतील मला."

ती म्हणाली, "मावशी, हा तक्ता फाडून टाक."

मला राग आला. इतक्या नीट ओळी आखलेल्या होत्या. पण तिनं जे समजावलं ते मी दुसऱ्या पानावर उतरवून घेतलं, आणि लिहिता लिहिताच मला पटत गेलं. माणूस त्या मुलखात राहणारा हवा, इथं येऊन मुरलेला नव्हे. इथं मुरलेल्याच्या कानात आपलाच अर्थ बसलेला असतो. त्याला आधी फक्त नाव ऐकवायचं, त्याच्या लिपीत लिहून दाखवायचं, आणि विचारायचं, "काय आठवलं?" चांगलं की वाईट असं विचारायचं नाही; "वाईट नाही ना?" असं विचारलं, की भला माणूस "नाही" म्हणतो. मग सांगायचं, हे खाण्याच्या पाकिटावर असलं तर? आणि शेवटी, शाळेतली पोरं ह्या नावाचं काय करतील? म्हातारे, तरुण, बायका, पुरुष, सगळे वेगवेगळे विचारायचे, म्हणजे एकमेकांकडे बघून उत्तर देत नाहीत. आणि नातेवाइकांना, पाहुण्यांना तर नाहीच.

"अन् मावशी," ती म्हणाली, "वाण कशाला दिलंस? वाणाला कुणी नावं ठेवतं का?"

अक्कांना हे सांगितलं तर त्या भडकल्या. "पुण्यातली पोरगी आपल्याला हुळा शिकवायली? नऊ बायांनी चांगलं म्हणलं. नऊ."

"एकीला पुन्हा फोन करू," मी म्हणाले. "त्या रायचूरवालीला. वाण नाही, हळदीकुंकू नाही, बहीणही नाही. नुसतं विचारू."

फोन माझ्या हातात, आवाज मोठा केलेला, अक्का समोर बाजेवर. मी म्हणाले, "ताई, त्या दिवशी गर्दीत विचारलं. आता मोकळेपणानं सांगा. हुळा म्हटल्यावर सगळ्यात आधी काय मनात आलं?"

ती म्हणाली, "खरं सांगू का? रागावू नका. आमच्यात हुळ म्हणजे किडा. अळी. धान्यात पडते ती."

अक्का बाजेवर सरळ झाल्या.

"मग त्या दिवशी कामून न्हाई बोलल्या?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

"अक्का, वाण होतं हातात. शेजारीण हळदीकुंकू लावतेय, तुम्ही इतक्या लांबून आलात, अन् मी म्हणू का ह्यात किडा आहे? अन् खरं तर आता वीस वर्षांत मला पण हुळा म्हटलं की हरभराच दिसतो. तो किडा एक क्षण आला अन् गेला. तुम्ही माझ्या आईला विचारा. ती कधी महाराष्ट्रात आलेली नाही. थांबा, लावते."

तिनं आईचा फोन जोडला. कानडीत दोन वाक्यं बोलली, आणि मग फक्त तो एक शब्द. म्हातारी पलीकडून लगेच काहीतरी म्हणाली, घाईघाईनं. लेक हसायला लागली, मग थांबली.

"काय म्हणाल्या?"

"विचारतेय, कशात पडली? ज्वारीत की तुरीत? म्हणतेय, कडुनिंबाचा पाला घाल अन् उन्हात पसर."

मला हसू आवरेना. अक्का हसल्या नाहीत. उठून गोठ्याकडे गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या वाद घालायला तयार होऊन आल्या. एका म्हातारीवरून नाव सोडायचं का? त्यांच्या भाषेत काही असू दे, पाकिटावर हरभऱ्याचं चित्र आहे, लोक बघून घेतील. आणि तो गुलबर्ग्याचा व्यापारी तर तिथलाच आहे. नाव त्याला फोनवर सांगितलेलं आहे, तो तर "अच्छा है" म्हणाला होता. ही गोष्ट मलाही खटकत होती. तिथला माणूस, कानडी बोलणारा, दुकानदार. त्याला किडा ऐकू आला नाही? एका माणसावर निकाल देऊ नये असं भाचीनंही सांगितलं होतं, होकाराचा असो की नकाराचा. तेव्हा जाऊनच बघायचं ठरलं.

मी तयारी केली. हुळा धरून पाच नावं काढली, कारण भाचीचा आणखी एक नियम होता: एकटं नाव घेऊन जायचं नाही, नाहीतर माणूस त्याच्याच बाजूनं बोलतो, आणि ते पडलं तर हात रिकामे. सोलाणा, म्हणजे सोललेला ओला हरभरा. दुधना, आमची नदी. भट्टी. आणि गटातल्या एका सुनेनं सुचवलेलं आगटी, म्हणजे थंडीत पेटवतात तो जाळ. प्रत्येक नाव वेगळ्या पुठ्ठ्यावर. रायचूरवालीनं कानडीत लिहून दिलं, तिच्या शेजारणीनं मागल्या बाजूला तेलुगूत. पुठ्ठ्यावर चित्र नाही, हरभरा नाही. पाकिटं पिशवीत तळाशी, वर शाल.

परभणीहून रेल्वेनं बिदर, पुढं बस. बिदरच्या स्टेशनावर चहा पिताना अक्कांनी हौसेनं चहावाल्याला हुळ्याचा पुठ्ठा दाखवला. तो चक्क मराठीत म्हणाला, "हुळा? हरभऱ्याचा ना मावशी?" अक्कांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. मी वहीत लिहिलं, "बिदर: मराठी जाणणारा, धरायचा नाही." त्या म्हणाल्या, "तुमाला हरवायचंच हाय मला."

गुलबर्ग्याचं दुकान बाजारपेठेत, आत लांबलचक, दोन्हीकडे पोती, पुढं गल्ला. व्यापारी पन्नाशीचा, बोलका, दखनी हिंदीत आमच्याशी बोलणारा. त्यानं खुर्च्या दिल्या, सोडा मागवला. आम्ही येण्याचं कारण सांगितलं. पुठ्ठे बघून त्याला फार मजा वाटली.

"हुळा?" तो म्हणाला. "हाँ, कीड़ा बोलते हमारे यहाँ. मैं तो पहले दिन ही समझा."

मी वहीतून मान वर केली. "तर मग बोलला का नाहीत?"

"अरे बाई, नाम का क्या है? मेरे कू माल पसंद आया. नाम तुम्हारा कुछ भी रैन दो. हम अपना स्टिकर मार देते ऊपर. सब का मारते." आणि त्यानं मागच्या फळीकडे बोट केलं. तिथं चिवड्याची, शेवेची, पापडाची पाकिटं ओळीनं लावलेली होती. वेगवेगळ्या गावांहून आलेली, वेगवेगळ्या रंगांची, आणि प्रत्येकाच्या मधोमध तोच पिवळा गोल कागद, त्याच्या दुकानाच्या नावाचा. एका पाकिटाच्या कागदाखालून कुठल्यातरी गटाच्या नावाचं शेवटचं अक्षर बाहेर डोकावत होतं.

अक्का उठल्या. फळीजवळ गेल्या. ते पाकीट हातात घेतलं, अंगठ्यानं कागदाची कड खरवडून बघितली. निघत नव्हती.

"सगळ्यालाच लावतेत का?" त्यांनी मला विचारलं. मी त्याला विचारलं.

तो ओशाळला नाही. त्याच्या दृष्टीनं त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. बहुतेक नावं गिऱ्हाइकाला वाचता येत नाहीत, नाहीतर काहीतरी भलतंच ऐकू येतं, म्हणाला. चार-दोन माल आहेत ज्यांचं नाव चालतं, त्यांना तो हात लावत नाही. "चलने वाला नाम रहे तो स्टिकर का खर्चा मैं कायकू करूँ?"

अक्का परत येऊन बसल्या. सोड्याचा एक घोट घेतला. मला वाटलं आता त्या भांडणार. त्या म्हणाल्या, "त्या हुळ्याचा पुठ्ठा इकडं द्या."

मी दिला. त्यांनी तो उलटा करून मांडीखाली सारला.

"पण अजून विचारलंच नाही कुणाला," मी म्हणाले. "दहा जणांना तरी विचारू."

"म्हातारीनं सांगितलं, ह्यानं सांगितलं, ती पूर्ण्याची बी बोलली. आजून किती तोंडातून किडा काढायचा? आता ते चौघं बगू. अन् क्लार्कबाई, पयला प्रश्न मी इच्यारनार. तुमी लिवा."

मग दुपारभर जे झालं ते माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेदार दुपारींपैकी एक. व्यापाऱ्यानं गल्ल्याच्या बाजूला आम्हाला जागा दिली. माल घ्यायला खेड्यांतले दुकानदार येत होते, कुणी बायकोसह, कुणी म्हातारीला घेऊन. अक्का पुठ्ठा वर धरायच्या, नाव मोठ्यानं वाचायच्या आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारायच्या, "क्या याद आया?" बस्. मग ओठ घट्ट मिटून बसायच्या. मला ठाऊक होतं, गप्प बसणं त्यांना भाजणी हलवण्यापेक्षा अवघड जात होतं. ज्यांना हिंदी येत नव्हती त्यांचं उत्तर दुकानातला हमाल सांगायचा. पण मी त्याला आधी बजावलं, तू तुझं मत घालायचं नाही. त्यानं ते पाळलं.

दुधना पहिल्यांदा पडलं. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण जो तो म्हणे, दूध. दुधाची पावडर का? लोण्याचं पाकीट का? एका बाईनं विचारलं, फ्रीजमध्ये ठेवायचं का. मी लिहिलं, "अर्थ चांगला, माल चुकीचा." भाचीनं नंतर सांगितलं, ह्यालाही ते दोषच धरतात, नाव ऐकून माणूस दुसरीच वस्तू शोधायला लागतो.

भट्टी ऐकून पुरुष हसले आणि बायकांनी तोंडाला पदर लावला. दारूची भट्टी. एक म्हातारा म्हणाला, ह्याच्याबरोबर काय पितात तेही आणा. भट्टी गेली.

सोलाण्याबद्दल मला आशा होती. पहिल्या तिघांना काहीच आठवलं नाही, दोघांना मुलीचं नाव वाटलं. मग एका तरुण दुकानदारानं पुठ्ठा बघून आपल्या मित्राला कोपरानं ढोसलं. हमालानं सांगितलं, त्यांच्यात "सोलोण" म्हणजे "चला, हरू या". ह्या दोघांनी क्रिकेटचं काहीतरी जोडलं होतं. पुढच्या दोघांना विचारलं तर त्यांना ते सुचलंच नाही. सांगितल्यावर मात्र हसले. हा नवा प्रकार होता. सगळ्यांना ऐकू येत नाही, पण एकदा सांगितलं की ऐकू येतं. भाचीनं तीन पायऱ्या दिल्या होत्या: काही नाही, थोडं, मोठं. मी "थोडं" लिहिलं आणि बाजूला लिहिलं, "पोरं सोडणार नाहीत."

उरलं आगटी. अक्कांनी वाचलं. पहिल्या बाईनं विचारलं, "अंगडी?" अंगडी म्हणजे दुकान, हमाल म्हणाला. दुसऱ्यालाही तसंच वाटलं. तिसरा म्हणाला, काही नाही, पण हिंदीतला आग आहे त्यात, तिखट असेल. जहीराबादकडून आलेल्या एका तेलुगू बाईला मागची बाजू दाखवली. ती थोडा विचार करून म्हणाली, त्यांच्यात भुकेसाठीचा एक जुना शब्द जवळचा आहे, आकटी. भुकेल्या वेळचं, तसं काहीसं. अक्कांनी मला कोपर मारलं. मी त्यांना कोपर मारलं, बोलायचं नाही म्हणून.

मग दुसरा प्रश्न: खाण्याच्या पाकिटावर हे नाव असलं तर? मग तिसरा: शाळेतली पोरं काय म्हणतील? पोरं म्हणतील दुकान, दुकान. त्यानं काही बिघडत नव्हतं. एका म्हातारीला नाव उच्चारताच येईना, ती "आकडी" म्हणाली. मी तेही लिहिलं. शेवटी, सगळी उत्तरं घेऊन झाल्यावर, अक्कांनी शालीखालून पाकीट काढलं आणि सगळ्यांना हरभरा वाटला. नाव आधी, हरभरा नंतर. म्हातारी दोनदा हात पुढं करून गेली.

व्यापारी गल्ल्यावरून बघत होता. तो म्हणाला, "आगटी चलेगा." अक्कांनी मला सांगितलं, "त्याला म्हणा, चलेगा तर मग कागदावर लिवून दे. आमच्या पाकिटावर दुसरं काही चिकटवायचं न्हाई." मी सांगितलं. त्यानं हसून हात हलवला, म्हणाला, देखेंगे. अक्का जागच्या हलल्या नाहीत. "देखेंगे म्हणजे काय? आता देख." त्यानं शेवटी मागणीच्या कागदावर, खाली, एक ओळ लिहून सही केली. मी ती ओळ तीनदा वाचली.

बसमध्ये अक्का खिडकीशी बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "गावात काय सांगायचं? मी ग्रामसभेत बोलून बसले."

"जे झालं ते सांगू."

"हसतीन."

"हसू द्या."

हसलेच. बैठकीत मी तक्ता वाचून दाखवला. किडा आला तेव्हा एक सासू म्हणाली, "अक्का, किड्याची कंपनी काढायली होतीस व्हय!" दुसरी म्हणाली, "कडुनिंबाचा पाला बी इकू बरोबर." अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिवळ्या कागदाची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. कागदाची कड अंगठ्यानं निघत नव्हती, ते हातानं करून दाखवलं. हसणं थांबलं. आगटी सुचवणारी सून मागे बसली होती. तिच्या सासूनं विचारलं, "म्हणजे ह्या पोरीचं नाव घ्यायचं?" अक्का म्हणाल्या, "पोरीचं न्हाई, मुलखानं पास केलेलं. अन् हुळा रानात खा की, तिथं कोण आडवायलाय?" हात वर झाले. मी मोजले नाहीत, सगळेच होते.

तक्ता पुन्हा भाचीला पाठवला. तिनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या: नवं नाव सरकारी यादीत शोधून घे, आणि कानडीत छापताना तेच लिहिलेलं त्या मुलखातल्या माणसाकडून एकदा वाचवून घे, इथल्या छापखान्यावर सोडू नको. यादीत नाव मोकळं निघालं. कच्चा नमुना आला तेव्हा तो मी रायचूरवालीच्या आईला तिच्या नातवाच्या फोनवर पाठवला, नुसतं नाव. तिनं वाचून दाखवलं, बरोबर आगटी, आणि ह्या वेळी धान्य वाळवायचा सल्ला दिला नाही. मग रूळ कोरले.

पहिली खोकी गेली. पंधरा दिवस झाले तरी अक्कांना झोप नीट लागत नव्हती. रोज विचारायच्या, फोन आला का. मी व्यापाऱ्याला सांगून फळीचा फोटो मागवला. तो घाईघाईनं काढलेला, थोडा तिरपा. अक्कांनी माझा मोबाइल घेतला, दोन बोटांनी चित्र ताणून मोठं केलं आणि एकेका पाकिटावरून बोट फिरवत गेल्या. वरचा कोपरा, मधला भाग, खालचा कोपरा. एक पाकीट उलटं ठेवलेलं होतं, त्यावर थांबल्या. मी म्हणाले, मागची बाजू आहे ती, वजनाची. पुन्हा पुढं गेल्या. शेवटच्या पाकिटापर्यंत.

"न्हाई चिकटवलं," त्या म्हणाल्या, आणि मोबाइल परत न देता भाजणीच्या खोलीकडे निघाल्या, बायकांना दाखवायला.